सिंक सर्व्हरसाठी आयटीला दिलेलं पत्र: काही महिने वापरल्यावरचा अनुभव

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात जपानी क्लायंटचं काम आहे, त्यामुळे आम्ही पाच-सहा जण JLPT या जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करतो. शब्दांसाठी Anki हे उजळणीच्या कार्डांचं अॅप. ऑफिसच्या पीसीवर जेवणाच्या सुट्टीत नवीन कार्डं करायची आणि बोरिवली लोकलमध्ये फोनवर ती घोटायची, असा क्रम. तो चालायला दोन्हीकडचा डेटा AnkiWeb च्या सर्व्हरवरून जुळावा लागतो, आणि ऑफिसच्या फायरवॉलने तेवढंच अडवलं होतं. खाली जे पत्र आहे ते आम्ही आयटीला दिलं. परवानगी मिळाली, नियम काही महिने चालला, मध्ये दोनदा अडलाही. पत्रातलं काय उपयोगी पडलं आणि काय बदलावं लागलं, ते लिहितो.

आधी हे कळायला हवं की अडवतंय कोण. फोन मोबाइल डेटावर असताना सिंक होतं आणि तोच फोन ऑफिसच्या वाय-फायवर आला की होत नाही, एवढं दिसलं की अकाउंट आणि अॅप दोन्ही निर्दोष सुटतात. पीसीवर पॉवरशेलमध्ये हे चालवलं:

```
Test-NetConnection sync.ankiweb.net -Port 443
```

आमच्याकडे बराच वेळ थांबून TcpTestSucceeded : False आलं. फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असली की असाच वेळ जातो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ही कमांड थेट बाहेर जाते, प्रॉक्सीतून जात नाही. तुमच्या ऑफिसात सगळं प्रॉक्सीमार्गेच जात असेल तर इथे False येणारच आणि त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही. तसं असेल तर आयटीला फायरवॉलबद्दल नव्हे, प्रॉक्सीच्या यादीबद्दल विचारायचं.

पहिलं पत्र दोन ओळींचं होतं: Anki चालत नाही, पोर्ट उघडून द्या. ते तसंच परत आलं, आणि मला त्यात आयटीचा दोष वाटत नाही. ‘पोर्ट उघडा’ म्हटलं की नेटवर्क बघणाऱ्या माणसाला बाहेरून आत येणारा रस्ता दिसतो. इथे आत काहीच येत नाही. आपला पीसी बाहेर जाऊन सर्व्हरशी बोलतो, आणि तेही ज्या ४४३ वर सगळ्या वेबसाइट उघडतात त्याच पोर्टवर. दुसरं पत्र इंग्रजीत गेलं, त्याचा मजकूर मराठीत असा:

विषय: Anki सिंकसाठी ankiweb.net व *.ankiweb.net ला बाहेर जाण्याची परवानगी

“जपानी प्रशिक्षणातील कर्मचारी Anki हा प्रोग्राम वापरतात. त्याचं सिंक ऑफिस नेटवर्कवरून होत नाही. मोबाइल डेटावरून होतं. चाचणीचा निकाल, वेळ आणि पीसीचं नाव सोबत जोडलं आहे. कृपया पुढील परवानगी द्यावी. दिशा: फक्त आतून बाहेर. प्रोटोकॉल: TCP ४४३, HTTPS. पत्ते: ankiweb.net आणि *.ankiweb.net. कोणासाठी: प्रशिक्षणाचा यूजर ग्रुप. मुदत: डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत. बाहेर जाणारा डेटा: शब्दांची कार्डं, त्यांचे ऑडिओ आणि उजळणीची नोंद. हा डेटा कंपनीबाहेरच्या सर्व्हरवर राहतो, म्हणून क्लायंटचा कोणताही मजकूर कार्डांत घालणार नाही, याची लेखी हमी प्रशिक्षणार्थी देतील.”

यातली वेळ आणि पीसीचं नाव ही माहिती सगळ्यात कामाची ठरली. आयटीतल्या सहकाऱ्याने लॉगमध्ये नेमका तो मिनिट शोधला आणि अडलेली नोंद त्याला समोरच दिसली. मग वाद घालायला काही उरलंच नाही. डेटा बाहेर राहतो हे आपणहून लिहिल्याचाही फायदा झाला, कारण पुढचा प्रश्न तोच येणार होता.

तरी पहिल्या फेरीत आयटीने *.ankiweb.net ला हात आखडता घेतला आणि लॉगमध्ये दिसलेले दोनच पत्ते सोडले. माझं सिंक सुरू झालं. शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीचं मात्र होईना. त्याच खोलीत, तोच नियम, तीच आवृत्ती! कारण साधं निघालं. Anki आधी sync.ankiweb.net ला विचारतं, आणि तो सर्व्हर तुमचा डेटा जिथे आहे त्या नंबरच्या सर्व्हरकडे पाठवतो. त्या पत्त्यात sync च्या पुढे एक आकडा असतो. माझा आकडा वेगळा, तिचा वेगळा. यादीत फक्त माझा आकडा होता, म्हणून तिचं सिंक सुरू होऊन लगेच लटकायचं. तिच्या अपयशाची वेळही कळवली, तेव्हा *.ankiweb.net हे सगळे आकडे धरणारं वाइल्डकार्ड मंजूर झालं. बऱ्याच फायरवॉलमध्ये *.ankiweb.net लिहिल्याने नुसतं ankiweb.net त्यात धरलं जात नाही. तयार डेक आणि अॅडऑन तिथूनच उतरतात, म्हणून पत्रात दोन्ही वेगवेगळे लिहा. आयपी पत्ता मात्र अजिबात देऊ नका. तो बदलला की नियम कागदावर राहतो आणि सिंक बंद पडतं.

पहिल्यांदा अडलं ते उबुंटूवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याकडे. त्याच्याकडे चाचणीचा निकाल चांगला येत होता, म्हणजे जोडणी होत होती. तरी सिंक क्षणात नापास, आणि एररमध्ये प्रमाणपत्राचा उल्लेख. आमची फायरवॉल HTTPS मधला मजकूर उघडून तपासते आणि पुढे स्वतःचं प्रमाणपत्र दाखवते. विंडोज मशीनवर आयटीने ते प्रमाणपत्र आधीच विश्वासू यादीत घातलं होतं, उबुंटूवर नव्हतं. ओळखायला सोपं आहे: ब्राउझरमध्ये ankiweb.net उघडून प्रमाणपत्र कोणी दिलंय ते पाहा. तिथे फायरवॉलचं किंवा कंपनीचं नाव दिसलं तर तपासणी चालू आहे. यावर दोन उपाय, एकतर त्या मशीनवर कंपनीचं प्रमाणपत्र बसवणं, नाहीतर या पत्त्यांना तपासणीतून सूट. आमच्याकडे पहिला केला, आणि मला तोच योग्य वाटतो. सूट मागितली असती तर सुरक्षा विभागाची आणखी एक सही लागली असती. प्रमाणपत्राची पडताळणीच बंद करण्याच्या युक्त्या कोणी सुचवतं, त्यांच्या वाट्याला जाऊ नका.

दुसऱ्यांदा अडलं ते माझा पीसी बदलला तेव्हा. पत्रात यूजर ग्रुप लिहूनही नियम प्रत्यक्षात मशीनच्या आयपीला बांधलेला होता. नव्या पीसीला नवा आयपी मिळाला आणि सिंक पुन्हा गप्प. ग्रुपला बांधून घेतल्यावर ही कटकट संपली.

सिंक अडलं असताना फोनवर केलेली उजळणी वाया जात नाही, नंतर दोन्हीकडची नोंद आपोआप मिसळते. पण त्या काळात नोट टाइपमध्ये, म्हणजे कार्डांच्या साच्यात, एखादं फील्ड वाढवू नका. तसं केलं की Anki मिसळणं सोडून एकच बाजू निवडायला लावतं, आणि दुसऱ्या बाजूची कार्डं जातात.

मुदत टाकण्याबद्दल माझं मत अजून दोलायमान आहे. तिच्यामुळे मंजुरी लवकर मिळाली, हे खरं. पण डिसेंबरमधली परीक्षा महिन्याच्या पहिल्या रविवारी असते आणि दुसऱ्या दिवसापासून नियम बंद. पुढची पातळी जुलैत देणाऱ्यांना नवं पत्र लिहावं लागणार. जुन्या तिकिटाचा क्रमांक जोडून आम्ही ते नोव्हेंबरातच देऊन टाकलं.