पॅप की एचपीव्ही? तिशीनंतर कोणती तपासणी करावी आणि रिपोर्ट कसा वाचावा

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा धोका वेळीच ओळखण्यासाठी पॅप आणि एचपीव्ही या तपासण्या करतात. दोन्हींत गर्भाशयाच्या मुखावरून ब्रशने नमुना घेतात. फरक पुढे आहे. पॅपमध्ये पेशींचं रूप बदललंय का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एचपीव्ही हा हा कॅन्सर घडवू शकणारा विषाणू. त्याच्या टेस्टमध्ये यंत्र फक्त धोकादायक प्रकारच्या विषाणूचा डीएनए शोधतं. म्हणजे पॅपला झालेला बदल दिसतो, तर एचपीव्हीतून पुढचा धोका कळतो.

तिशी ओलांडली असेल आणि एकच तपासणी परवडणार असेल, तर मी एचपीव्हीच सांगेन. याचा भक्कम पुरावा आपल्याच उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातला आहे. तिथे सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, पॅपच्या गटात मात्र ठळक घट दिसली नाही. पॅपच्या एका फेरीत बरेच बदल निसटतात, म्हणून ती दर ३ वर्षांनी करावी लागते. एचपीव्ही निगेटिव्ह आली तर ५ वर्षं थांबता येतं. पॅप स्वस्त आहे आणि बहुतेक ठिकाणी होते, ही तिची जमेची बाजू. तिशीच्या आत पॅपच बरी, कारण त्या वयात संसर्ग वरचेवर होतो आणि बहुतेकदा आपोआप जातो.

आता रिपोर्ट. समजा, ४१ वर्षांच्या बाईची एचपीव्ही पॉझिटिव्ह आली. हा कॅन्सर नव्हे. आधी विषाणूचा प्रकार बघायचा. १६ किंवा १८ असेल तर पॅप नॉर्मल असली तरी कोल्पोस्कोपी करतात, म्हणजे भिंगातून मुखाची पाहणी, आणि गरज वाटली तर तिथलाच छोटा तुकडा बायोप्सीला. दुसरा प्रकार असेल आणि पॅप नॉर्मल असेल, तर सहसा वर्षाने पुन्हा तपासतात. तोवर बहुतेकींचा संसर्ग गेलेला असतो. हा विषाणू शारीरिक संबंधांतून पसरतो, पण शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. त्यामुळे या रिपोर्टवरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेऊ नका, तो अन्याय होईल.

पॅपमध्ये ‘एएससी-यूएस’ लिहिलं असेल तर पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण कारण पक्कं नाही. तेव्हा एचपीव्ही करून घ्या. निगेटिव्ह असेल तर ३ वर्षांनी पुढची तपासणी, पॉझिटिव्ह असेल तर कोल्पोस्कोपी. ‘एचएसआयएल’ म्हणजे पेशींत ठळक कॅन्सरपूर्व बदल; ते असेल तर मात्र थांबू नका, लगेच कोल्पोस्कोपी करा. आपल्याकडे ‘इन्फ्लमेटरी स्मिअर’ वाचून बायका फार घाबरतात. तो दाह आहे, कॅन्सरपूर्व बदल नव्हे. ‘अनसॅटिसफॅक्टरी’ म्हणजे पेशी नीट मिळाल्या नाहीत, दोन-चार महिन्यांत पुन्हा नमुना द्यावा.

संबंधांनंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त जात असेल, तर हातात नॉर्मल रिपोर्ट असला तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.