सिम हरवलं: डुप्लिकेट काढायचं की बँकेत नंबरच बदलायचा?

आषाढातल्या पावसात दाभोळहून फेरीबोटीने येताना, धोपाव्याच्या धक्क्याला उतरता उतरता आत्याचा फोन खाडीत गेला. साधा बटणांचा फोन, त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही. पुढच्या महिन्यात पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला नाही, तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की त्याच नंबरवर बँकेचं सगळं येत होतं. तोवर सिम बंद करायलाही कोणी फोन केला नव्हता. खरं तर पहिल्याच दिवशी दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला सांगून सिम बंद करायचं आणि बँकेला सांगून कार्ड, यूपीआय थांबवायचं. मग पुढचा विचार.

पुढे वाटा दोनच. डुप्लिकेट सिम घेतलं तर नंबर तोच राहतो, बँकेत जावंच लागत नाही. आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं, अंगठा द्यायचा, थोड्या वेळात काम होतं. नवं सिम चालू झाल्यावर मात्र पहिले 24 तास एसएमएस येतही नाहीत आणि जातही नाहीत. कोणी चोरून तुमच्या नंबरचं सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नये, म्हणून हा नियम आहे. त्या दिवशी ओटीपी आला नाही म्हणून बँकेत भांडायला जाऊ नका.

आत्याचं गाडं इथेच अडलं. सिम होतं आतेभावाच्या नावावर. त्याने परळला घेतलं आणि आईला पाठवून दिलं, कोकणातल्या निम्म्या घरांत असतं तसं. डुप्लिकेट मिळतं ते ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच. शिवाय मोबाइल कंपन्यांच्या हिशेबात मुंबई हे वेगळं सर्कल आणि रत्नागिरी महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. शृंगारतळीच्या दुकानदाराने हात वर केले, "मुंबईतच काढा." आतेभाऊ म्हणाला, गणपतीला येताना घेऊन येतो. मला ते पटलं नाही. नंबर साधारण 90 दिवस वापराविना आणि रिचार्जविना पडला तर तो बंद होतो, आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच कोणाला दिला जातो. मग आत्याच्या खात्याचे मेसेज त्याच्या खिशात.

दुसरी वाट बँकेची. नंबर एटीएमवरून किंवा नेटबँकिंगवरूनही बदलता येतो, पण तिथे बहुतेकदा जुन्या नंबरवरचा ओटीपी मागतात. जुनं सिमच नाही तर शाखेत जाण्याला पर्याय नाही. आधी आत्याच्या स्वतःच्या नावावर नवं सिम घेतलं, मग पासबुक, आधार, पॅन घेऊन आम्ही शाखेत गेलो. अर्जावरची सही बँकेकडच्या नमुन्याशी जुळावी लागते; हात थरथरतो म्हणून आत्याची दोनदा परत आली. चार दिवसांनी बचत खात्याचे मेसेज सुरू झाले, पण मुदत ठेवीचे नाहीत. नंबर खात्याला नव्हे, ग्राहक क्रमांकाला, म्हणजे सीआयएफला जोडलेला असतो, आणि ठेवीच्या वेळी नावाचं स्पेलिंग वेगळं पडल्याने आत्याचे सीआयएफ दोन झाले होते. म्हणून काउंटरवर आधीच विचारा, "माझ्या नावावर सीआयएफ किती आहेत?" अर्जाची शिक्क्यानिशी पोच घ्यायला विसरू नका.

ईमेलचा रकाना त्याच अर्जात असतो आणि लोक तो रिकामा सोडतात. आत्याच्या खात्यावर आतेभावाचा जुन्या कंपनीतला ईमेल होता. नोकरी सोडली तसा तो बंद झाला. म्हणजे मेसेज बंद झाले तेव्हा ईमेलचाही आधार नव्हता. आता त्याचा खासगी ईमेल दिलाय. अंडरस्कोर अर्जाच्या छापील रेघेत हरवतो, तेव्हा तो शब्दांत लिहून द्या.

मेसेज बंद राहणं महागात कसं पडतं, तेही सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काही पडत नाही. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंत झळ बसू शकते. त्यापुढे बँकेचं धोरण. मेसेज जुन्या नंबरवर जात राहिले तर ते आपल्याला मिळालेच नाहीत, हे पटवत बसावं लागतं.

तेव्हा माझं मत असं: सिम स्वतःच्या नावावर असेल आणि दुकान जवळ असेल तर डुप्लिकेटच काढा. सिम दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्या सर्कलचं किंवा बरेच दिवस बंद असेल तर वाट न बघता बँक गाठा. आधारला जोडलेला नंबर मात्र बँकेतल्या अर्जाने बदलत नाही, तो आधारमध्ये वेगळा बदलून घ्यावा लागतो.

मधल्या दिवसांत मिस्ड कॉलवर शिल्लक कळत नाही, कारण तो कॉल नोंदवलेल्या नंबरवरूनच लागतो. आम्ही दर आठवड्याला पासबुक छापून घेत होतो. नंबर बदलल्यावर तपासायला एटीएममधून पाचशे काढले. काही बँका यूपीआयच्या छोट्या रकमांना एसएमएस पाठवतच नाहीत, त्यामुळे चहाचे दहा रुपये देऊन काही कळत नाही. आम्ही एटीएमच्या दाराशीच होतो, तेवढ्यात आत्याच्या पिशवीतून टिंग वाजलं.