इंट्रो, आउट्रो आणि नावपट्टीचे साचे: आफ्टर इफेक्ट्स–प्रीमियरच्या मोगर्टवर काही महिने काम केल्यानंतर

आमचं चॅनल शेतकऱ्यांच्या मुलाखतींचं आहे. तासगाव, पलूस, आटपाडी या बाजूला जाऊन द्राक्ष, डाळिंब, ऊस यांच्यावर बोलणारी माणसं गाठायची आणि दर आठवड्याला एक भाग करायचा. एडिटिंग दोन ठिकाणी होतं. काही भाग मी करतो, काही माझा सहकारी त्याच्या मशीनवर करतो. गेल्या दिवाळीपासून आम्ही इंट्रो, आउट्रो आणि पाहुण्यांची नावपट्टी तिन्ही मोगर्ट साच्यांवर आणली. म्हणजे आफ्टर इफेक्ट्समध्ये ग्राफिक एकदाच बांधायचं, `.mogrt` फाइल काढायची आणि प्रीमियरमध्ये ती टाइमलाइनवर ओढून फक्त मजकूर बदलायचा. मराठीत काम करणाऱ्यांना यात कुठे लक्ष द्यावं लागतं हे मला आधी कुठेच नीट वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून लिहितो आहे.

नावपट्टीपासून सुरुवात करतो, कारण खरं काम तिथेच आहे. इंट्रो भागात एकदा येतो, पण पट्टी चार-पाच वेळा येते आणि दर वेळी तिच्यात वेगळं नाव असतं. आमच्या पट्टीत दोन ओळी आहेत. वर नाव, आणि खाली «द्राक्ष बागायतदार, सावळज, ता. तासगाव» अशी ओळख. मागे गडद रंगाची चौकट. ही चौकट नावाच्या लांबीप्रमाणे आपोआप लहान-मोठी व्हावी म्हणून `sourceRectAtTime` वापरतात. हे एक्स्प्रेशन मजकुराची प्रत्यक्ष दिसणारी रुंदी आणि उंची देतं. बहुतेक इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये रुंदी आणि उंची दोन्ही चौकटीला जोडून देतात. देवनागरीत इथेच गडबड होते.

«रमा» हे नाव घ्या. शिरोरेषेच्या वर काही नाही, खाली काही नाही. आता «मृदुला» घ्या. खाली ऋकार आणि उकार लोंबतात. «ज्योती»मध्ये शिरोरेषेच्या वर मात्रा आणि वेलांटी चढते. उंची मजकुरातून घेतली तर या तीन नावांना तीन वेगळ्या उंचीच्या चौकटी मिळतात, आणि मजकूर चौकटीच्या मध्यावर बसवला असेल तर शिरोरेषाही प्रत्येक नावाला वर-खाली सरकते. एकाच भागात दोन पाहुणे लागोपाठ आले की हे लगेच डोळ्यात येतं. उपाय सोपा आहे: रुंदी मजकुरातून घ्यायची, उंची कायमची ठरवून टाकायची. आमच्या 1920×1080 च्या कॉम्पमध्ये नाव 54 आकाराचं आणि खालची ओळ 34 ची आहे. चौकटीच्या `Size`वर हे लिहिलं आहे:

```
var a = thisComp.layer("Name").sourceRectAtTime(time, false).width;
var b = thisComp.layer("Info").sourceRectAtTime(time, false).width;
[Math.max(a, b, 380) + 80, 150]
```

380 ही किमान रुंदी आहे, म्हणजे छोट्या नावाला चौकट डबीसारखी दिसत नाही. 80 म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून सोडलेली मोकळी जागा. 150 ही उंची ठरवताना ऋकार, रफार, अनुस्वार असलेला सगळ्यात अवघड मजकूर घालून पाहिला आणि त्याला वर-खाली श्वास घ्यायला जागा राहील इतकी ठेवली. एक गोष्ट राहते. शेप लेयरमधला आयत मध्यापासून दोन्हीकडे वाढतो, त्यामुळे नाव लांबलं की चौकटीची डावी कडही सरकते. आयताच्या `Position`ला रुंदीच्या निम्म्याइतकं उजवीकडे ढकललं की डावी कड जागेवर राहते आणि वाढ फक्त उजवीकडे होते:

```
[content("Rectangle 1").content("Rectangle Path 1").size[0]/2, 0]
```

फार लांब नाव आलं तर अक्षरांचा आकार आपोआप कमी करण्याचीही सोय करता येते. मी ती मुद्दाम केली नाही. एका भागात 54 चं नाव आणि दुसऱ्यात 43 चं, असं झालं की साच्याचा उपयोगच काय! त्याऐवजी आमचा नियम आहे की वरच्या ओळीत फक्त नाव आणि आडनाव. पदवी, पुरस्कार, गाव सगळं खाली. खालची ओळही लांबली तर «मु. पो.» गाळायचं, तालुका ठेवायचा.

अक्षरं मुळात नीट जुळावीत म्हणून आफ्टर इफेक्ट्सच्या प्रेफरन्सेसमध्ये `Type` या पानावर दक्षिण आशियाई लिपींचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. प्रीमियरमध्ये तशीच निवड `Graphics`मध्ये आहे. ही सेटिंग आधी करा, टेक्स्ट लेयर नंतर बनवा. चुकलंय हे ओळखायला «मि» टाइप करून बघा. पहिली वेलांटी म च्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षरात पाय मोडलेला दिसला, तर इंजिन चुकीचं आहे. दुसरी कसोटी «शेतकऱ्यांचा» या शब्दाची. त्यातला अर्धा र काही फॉन्टांमध्ये फुटतो, आणि आमच्या चॅनलवर तो शब्द टाळताच येत नाही. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही पाहतो. पाकळीचा ल आणि देठाचा श यांची सवय असलेल्या वाचकाला हिंदी वळणाची अक्षरं खटकतात, आणि प्रोग्रॅम भाषा ओळखून आपोआप रूप बदलेल या भरवशावर मी राहात नाही.

बरेच मराठी एडिटर अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टायटल करतात, आणि त्यामागे कारण आहे: तिथे अक्षरं कधी तुटत नाहीत. पण साच्यासाठी ते गैरसोयीचं आहे. पाहुण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं नाव तसंच्या तसं चिकटवता येत नाही, परत टाइप करावं लागतं, आणि नावाच्या चुका तिथेच शिरतात. शूटिंगच्या दिवशी पाहुण्याकडूनच नाव लिहून घ्यायचं आणि तोच मजकूर पट्टीत चिकटवायचा, ही पद्धत युनिकोडमुळेच शक्य झाली.

पट्टी येण्या-जाण्याची हालचाल आम्ही साधी ठेवली आहे. चौकट डावीकडून उघडते, मजकूर मास्कमधून आत येतो. एकेक अक्षर टपटप येणारी ॲनिमेशन देवनागरीला शोभत नाही, कारण शिरोरेषा तुकड्यातुकड्याने दिसते आणि मात्रा अक्षरापासून सुटी पडते. प्रवेश 15 फ्रेमचा आणि निघणं 12 फ्रेमचं, 25 फ्रेमच्या हिशेबाने. आफ्टर इफेक्ट्समध्ये `Composition` मेनूत `Responsive Design - Time` आहे. तिथे इंट्रो आणि आउट्रो असे दोन राखीव भाग आखून दिले की प्रीमियरमध्ये क्लिप कितीही ओढली किंवा छाटली तरी या दोन हालचालींचा वेग बदलत नाही; फक्त मधला भाग लांबतो. हे केलं नाही तर छोटी केलेली पट्टी बाहेर सरकण्याआधीच फटकन गायब होते. मधल्या भागात मात्र काही हलतं ठेवू नका. आमच्या पट्टीवर आधी एक चमक फिरायची. पट्टी नऊ सेकंदांची केली की ती चमक रेंगाळायची, म्हणून काढून टाकली.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: साच्यात काय बदलता येऊ द्यायचं. `Essential Graphics` पॅनेलमध्ये तुम्ही जे ओढून टाकाल तेवढंच प्रीमियरमध्ये दिसतं. मजकुराबरोबर फॉन्ट आणि आकार बदलण्याची परवानगीही देता येते. आम्ही दोन्ही बंद ठेवली आहेत. रंगासाठी मोकळा कलर पिकर न देता ड्रॉपडाउन दिला आहे: द्राक्ष, डाळिंब, ऊस, भाजीपाला. प्रत्येकाला एक ठरलेला रंग. माझा सहकारी आधी पट्टीचा रंग शॉटप्रमाणे जुळवायचा, आणि त्याची नजर चांगली आहे, त्या त्या भागात ते छानच दिसायचं. पण प्लेलिस्ट शेजारी शेजारी लावली की पाच भागांत पाच जांभळे दिसायचे. आता डाळिंबाचा भाग कुणीही केला तरी लाल तोच.

पट्टीची जागा खालच्या काठापासून बरीच वर आहे. यूट्यूबवर सबटायटल खाली मध्यभागी येतात, आणि आम्ही ती देतो, कारण गावाकडची बोली सगळ्यांना कळत नाही. चौकटीची खालची कड 1080 पैकी 860 च्या आसपास ठेवल्यावर दोन ओळींची सबटायटलही तिच्याखाली मावतात. उभ्या शॉर्ट्ससाठी हाच साचा चालत नाही. तिथे खाली आणि उजवीकडे ॲपची बटणं असतात, म्हणून 1080×1920 चा वेगळा साचा बांधला आणि त्यात पट्टी आणखी वर नेली.

इंट्रोबद्दल थोडंच. चार सेकंद, त्यात बदलणारी एकच गोष्ट, भागाचं शीर्षक. तो व्हिडिओच्या अगदी सुरुवातीला लावत नाही. आधी पाहुण्याचं एखादं ठसठशीत वाक्य, मग इंट्रो. संगीताची पट्टी वेगळी ठेवतो आणि तिचा आवाज बोलण्याच्या पातळीला जुळवतो. यूट्यूब मोठा आवाज साधारण −14 LUFS पर्यंत खाली आणतं, पण ते पूर्ण व्हिडिओचा हिशेब करून. इंट्रो आणि बोलणं यांच्यातला फरक तसाच राहतो, आणि हेडफोन लावून ऐकणाऱ्याच्या कानावर तो आदळतो.

आउट्रोचा साचा यूट्यूबच्या एंड स्क्रीनवर बेतला आहे. एंड स्क्रीन शेवटच्या 5 ते 20 सेकंदांत येते. आमचा आउट्रो 12 सेकंदांचा. डावीकडे पुढच्या व्हिडिओसाठी 16:9 ची रिकामी चौकट, उजवीकडे चॅनलच्या गोलासाठी जागा. या जागा अंदाजाने आखू नका. स्टुडिओमध्ये एंड स्क्रीन लावून त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो आफ्टर इफेक्ट्समध्ये खाली ठेवून त्यावर चौकटी आखा. नंतर प्रत्येक भागाला स्टुडिओतलं `Import from video` वापरलं की घटक त्याच जागी बसतात.

अडचणी सांगायच्या तर पहिली वेगाची. आफ्टर इफेक्ट्समध्ये बनवलेले मोगर्ट प्रीमियरच्या टाइमलाइनवर जड जातात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पट्टी आली की प्लेबॅक अडखळतो. नावं पक्की झाल्यावर `Render and Replace` करतो, मग त्रास नाही. दुसरी फॉन्टची. साच्यात फॉन्ट बरोबर जाईल असं धरू नका, दोन्ही मशीनवर तोच फॉन्ट बसवलेला हवा. तिसरी, प्रोजेक्टशेजारी तयार होणारं `Motion Graphics Template Media` हे फोल्डर. जागा मोकळी करताना ते उडवलं तर जुना भाग उघडल्यावर पट्ट्या सापडत नाहीत. बॅकअपमध्ये ते घ्याच.

साच्यात सुधारणा करायची झाली तर नवी फाइल `Alt` दाबून टाइमलाइनवरच्या जुन्या पट्टीवर सोडायची. प्रोजेक्टमधल्या सगळ्या पट्ट्या एकदम बदलता येतात. भरलेली नावं टिकावीत म्हणून नियंत्रणांची नावं आणि प्रकार आधीचेच ठेवावे लागतात, त्यामुळे `Name`चं `Guest Name` करायचा मोह आवरायचा. फाइलच्या नावात आवृत्ती लिहितो, `patti_v3.mogrt` अशी, आणि चालू भाग संपेपर्यंत त्यात नवी आवृत्ती घालत नाही. एकट्याने काम करणाऱ्याला आणि फक्त प्रीमियर येणाऱ्याला आफ्टर इफेक्ट्स शिकायची गरज नाही. प्रीमियरमध्येच टायटल बनवून `Export as Motion Graphics Template` केलं की साधी पट्टी होते, आणि ती टाइमलाइनवर हलकीही चालते. ड्रॉपडाउन आणि वरची एक्स्प्रेशन्स मात्र तिथे मिळणार नाहीत.