हळदीच्या मॉइश्चरवरून आमच्या गटाला लाखाचा फटका कसा बसला

आम्ही वसमत तालुक्यातले नऊ शेतकरी. अडत आणि तोलाई वाचावी म्हणून गेल्या हंगामाच्या आधीच्या हंगामात आम्ही मिळून 100 क्विंटल हळद ऑनलाइन थेट घाऊक खरेदीदारांसाठी टाकली. त्या व्यवहारात आमचे 1 लाख 14 हजार रुपये गेले. माल चांगला होता, शिजवण आणि वाळवण नीट झाली होती, ढोलात पॉलिश केलेली सेलम जातीची हळकुंडं होती. पैसे गेले ते आमच्या जाहिरातीतल्या चार-पाच शब्दांमुळे. ज्यांना असा माल टाकायचा आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो.

आमची जाहिरात अशी होती: "हळद, कांडी, पॉलिश. मॉइश्चर 10 टक्के. हंगाम 2023-24. पॅकिंग 50 किलो. नमुना मोफत." हे पुरेसं आहे असं आम्हाला वाटलं होतं.

परराज्यातल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. बोलणं गोड, प्रश्न नेमके. आधी त्याने 2 किलो नमुना मागवला. आम्ही एका पोत्यातून वरचाच माल काढला, साध्या पिशवीत भरला आणि कुरियरने पाठवला. आमच्याजवळ त्यातलं काही ठेवलं नाही. नमुना पसंत पडला, भाव 13,500 रुपये क्विंटल ठरला. 20 टक्के आगाऊ, बाकी माल उतरल्यावर. आगाऊ रक्कम खरोखर खात्यात आली, म्हणून आमचा विश्वास बसला. 200 पोती ट्रकमध्ये भरून रवाना केली.

ट्रक पोचल्यावर त्याचा सूरच बदलला. पहिला आक्षेप पिकाच्या वर्षावर: "हंगाम 2023-24 लिहिलंय, म्हणजे माल 2023 चा, जुना." हळद मे-जूनमध्ये लावतात आणि पुढच्या वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. आमची लागवड 2023 ची, काढणी 2024 ची. जुन्या मालाला भाव कमी आणि कीड लागण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याने हा मुद्दा काढला. फोटो पाठवून आम्ही तो परतवला. आज कळतं की तो नुसता आमचा अंदाज घेत होता.

दुसरा आक्षेप बारदानाचा. आम्ही "50 किलो" लिहिलं होतं, निव्वळ की बारदानासह ते लिहिलं नव्हतं. आम्ही भरताना प्रत्येक पोत्यात 50 किलो निव्वळ हळद घातली होती. प्लास्टिकचं विणलेलं पोतं जेमतेम 120 ग्रॅमचं, पण त्याने ज्यूटच्या पोत्याचा हिशोब लावून पोत्यामागे 1 किलो कापलं. 200 पोत्यांत 176 किलो हळद विनाकारण गेली, म्हणजे 23,760 रुपये.

तिसरा आक्षेप सगळ्यात मोठा, आणि याच्यासाठीच मी हे लिहायला बसलो. त्याने एका प्रयोगशाळेची पावती पाठवली: मॉइश्चर 13.2 टक्के. आमच्या 10 टक्क्यांपेक्षा 3.2 जास्त, म्हणून दुप्पट कट, 6.4 टक्के. हा दुप्पट कट आधी कधी ठरला नव्हता, पण "बाजारात असंच असतं" हे त्याचं उत्तर. मंजूर नसेल तर माल परत न्या.

त्या वेळी आमचा माल दुसऱ्या राज्यात उन्हात उभा होता. ड्रायव्हर रोज फोन करायचा, "दादा, हॉल्टिंग चालू झालंय, काय ते ठरवा." दिवसाला 3,000 रुपये. परत आणायचं भाडं वेगळं. गटातल्या दोघांच्या घरी लग्नं होती, त्यांना पैसे हवे होते. दोन दिवसांनी आम्ही होकार दिला. मॉइश्चरच्या नावाखाली 84,879 रुपये गेले. बारदान आणि हॉल्टिंग धरून 1,14,639.

मला चैन पडेना. माझ्या वाट्याच्या मालातली दोन पोती घरी राहिली होती. त्यातली हळद मी मसाले तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत दिली. मॉइश्चर 9.8 टक्के निघालं. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी व्यापाऱ्याची पावती पाहिली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: पद्धत, ओव्हन 105 अंश.

त्यांनी समजावलं ते असं. गहू, हरभरा ओव्हनमध्ये वाळवून वजन किती घटलं ते मोजलं तर ती घट बहुतेक पाण्याचीच असते. हळदीत मात्र साधारण 3 ते 5 टक्के उडून जाणारं तेल असतं, ज्याने तिला वास येतो. ओव्हनमध्ये पाण्याबरोबर तेही उडतं आणि सगळी घट "ओलावा" म्हणून लिहिली जाते. म्हणजे हळद जितकी सुगंधी, तितकी ती पावतीवर ओली दिसते. म्हणून मसाल्यांसाठी टोल्युइन या द्रावकात उकळून ऊर्ध्वपातन करण्याची पद्धत वापरतात. त्यात पाणी आणि तेल वेगळं होऊन फक्त पाणी नळीत मोजलं जातं. हॅलोजन दिव्याच्या छोट्या यंत्रातही ओव्हनचाच दोष राहतो, आणि धान्यासाठी बनवलेल्या हातातल्या मीटरचा आकडा हळदीला लागूच पडत नाही. अन्नसुरक्षा मानकात अख्ख्या हळदीला 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. आमचा माल त्याच्या बराच आत होता.

व्यापाऱ्याला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. जिल्ह्यातल्या आणखी एका गटाला त्याच्याकडून अशीच पावती मिळाली होती, तीच प्रयोगशाळा, तीच पद्धत, कटही दुप्पटच.

वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 17 नमुन्यावरून झालेल्या विक्रीबद्दल आहे आणि पाठवलेला माल नमुन्याशी जुळला पाहिजे ही त्यातली पहिली अट आहे. "पण तुमचा नमुना आहे कुठे?" मी घरच्या दोन पोत्यांचं सांगितलं. ती त्याच मालातली आहेत हे सिद्ध कसं करणार, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आमची जाहिरात लांब असते. "काढणी फेब्रुवारी-मार्च 2025" असा महिना लिहितो. "50 किलो निव्वळ, बारदान वेगळं" असं लिहितो. ग्रेडमध्ये कांडी आणि गट्टा वेगळे सांगतो, बारीक तुकडे वजनाने जास्तीत जास्त किती टक्के तेही लिहितो. मॉइश्चरपुढे "टोल्युइन पद्धतीने, माल भरण्याच्या ठिकाणी, 10 टक्के, अर्ध्या टक्क्याची सूट, याहून जास्त निघाल्यास तेवढाच कट, दुप्पट नाही" असं असतं.

नमुन्याची पद्धतही बदलली. हळकुंडात धान्याची सळई शिरत नाही, म्हणून पोती उघडून वरून, मधून, तळातून माल घेतो, 200 पोत्यांतली निदान 20. तो सगळा ताडपत्रीवर पसरून एकत्र कालवतो आणि त्याच्या तीन पिशव्या करतो. तिन्हींवर सही, तारीख, लॉट क्रमांक आणि लाखेचं सील. एक खरेदीदाराला, एक आमच्याकडे, एक प्रयोगशाळेत. आमची पिशवी शेवटचा रुपया येईपर्यंत उघडत नाही. 200 ग्रॅमपर्यंत नमुना मोफत, पुढचा बाजारभावाने.

प्रयोगशाळेच्या अहवालाला काही दिवस लागतात आणि तेवढा वेळ ट्रक उभा ठेवणं परवडत नाही. म्हणून अहवाल माल भरण्याआधीच घेतो, तोच अंतिम असं दोघांच्या सहीने ठरतं, आणि उरलेले 80 टक्के ट्रक निघण्याआधी खात्यात लागतात. या अटी पाहून काही खरेदीदार फोन ठेवतात. यंदा एका नव्या नंबरवरून 100 क्विंटलची मागणी आली, आवाज ओळखीचा वाटला. मी अटी पाठवल्या. त्याने एवढंच विचारलं, "ओव्हनचा रिपोर्ट चालेल का?" मी नाही म्हणालो, आणि पुन्हा फोन आला नाही.