ओपन प्रश्नांचं 'कोडिंग' करून देतो म्हणत आमची फसवणूक झाली, ती कशी पकडायची

सर्वेक्षणाचं काम बाहेर देणाऱ्या छोट्या संस्थांसाठी हे लिहीत आहे. आमचे पैसे गेले ते गेलेच. पण लोकांनी दारात उभं राहून जे सांगितलं ते कोणी वाचलंच नाही, आणि त्याच्या नावाने टक्केवारी छापून आली, याचा राग अजून गेलेला नाही.

जल जीवन मिशनमध्ये नळजोडणी झालेल्या मराठवाड्यातल्या काही गावांत आम्ही सुमारे 1,200 घरांचं सर्वेक्षण केलं. योजनेचं उद्दिष्ट माणशी रोज 55 लिटर. नळ आला, पण पाणी पुरतं का, हे आम्हाला पाहायचं होतं. बहुतेक प्रश्न क्लोज्ड होते: नळ आहे का, किती दिवसांआड पाणी येतं, पुरवठ्याबद्दल समाधानी आहात का. शेवटी एकच ओपन प्रश्न होता: 'नळाच्या पाण्याबद्दल तुमची अडचण काय, तुमच्या शब्दांत सांगा.' उत्तरं आमच्या मुलींनी जशीच्या तशी टिपून घेतली. ती वर्गांत बसवून मोजायचं काम, म्हणजे कोडिंग, एका एजन्सीला दिलं. दर प्रत्येक उत्तरामागे ठरला, आणि दोन कोडर एकमेकांचं न पाहता कोड देतील असं लेखी ठरलं.

अहवाल देखणा होता. कमी दाब 31 टक्के, अवेळी पाणी 24, गढूळ पाणी 15, फुटलेली लाइन 12, पाणीपट्टी 8, तक्रार ऐकत नाहीत 5, अडचण नाही 3, इतर 2. खाली ओळ होती: दोन कोडरांमधला कप्पा 0.87. कप्पा म्हणजे दोघांचे कोड किती जुळतात हे सांगणारा आकडा, सगळे जुळले तर 1.

पहिली शंका बेरजेवरून आली. तक्त्याची बेरीज बरोबर 100 भरत होती. पण माणूस मनापासून बोलतो तेव्हा एका दमात दोन-तीन गोष्टी सांगतो. 'पाणी रात्री दोनला सोडतात, आणि आलं तरी गढूळच' या उत्तराला अवेळी आणि गढूळ असे दोन्ही कोड मिळायला हवेत. घरांच्या संख्येने भागलं की अशा प्रश्नाची बेरीज 100च्या वर जाते, आणि तक्त्याखाली 'एकापेक्षा जास्त उत्तरं शक्य' असं लिहावं लागतं. इथे प्रत्येक उत्तराला एकच कोड होता. 'इतर' फक्त 2 टक्के, हेही खटकलं. खेड्यातल्या पाण्याच्या तक्रारी इतक्या सुबक खणांत बसत नाहीत.

म्हणून आम्ही कोड लावलेली मूळ एक्सेल फाइल मागितली. ती मिळायला बराच पाठपुरावा करावा लागला. उत्तर B स्तंभात आणि कोड D स्तंभात होता. समोर हे सूत्र टाकलं:

```
=COUNTIFS(B:B,B2,D:D,"<>"&D2)
```

अगदी तेच उत्तर असूनही कोड वेगळा आहे अशा ओळी किती, हे यातून कळतं. नीट कोडिंग झालं असेल तर जवळजवळ सगळीकडे शून्य यायला हवं. आमच्या फाइलीत सुरुवातीच्या साधारण तीनशे ओळींचं आपसांत जुळत होतं, पण त्यापुढे 'काही अडचण नाही' याच शब्दांच्या उत्तराला कुठे गढूळ पाणी, कुठे फुटलेली लाइन, कुठे पाणीपट्टी असे कोड लागले होते. सुरुवातीची उत्तरं कोणीतरी खरोखर वाचली होती. तिथे जी टक्केवारी निघाली, त्याच प्रमाणात पुढचे कोड वाटून टाकले होते.

हा तर्क पक्का करायला एक तपासणी पुरते, आणि ती एकही उत्तर न वाचता करता येते. ओपन प्रश्नाचे कोड क्लोज्ड प्रश्नासमोर आडवे-उभे मांडा. 'अजिबात समाधानी नाही' म्हणणारी घरं एका बाजूला, 'पूर्ण समाधानी' दुसऱ्या बाजूला. पूर्ण समाधानी घरांत 'अडचण नाही' कितीतरी जास्त दिसायला हवं. पहिल्या तीनशे ओळींत तसं दिसलं. उरलेल्या ओळींत दोन्ही गटांची टक्केवारी जवळजवळ सारखी होती. कोड आणि उत्तर देणारा माणूस यांचा काही संबंधच उरला नाही, की तक्ता असा सपाट होतो. एकत्र तक्त्यात हे झाकलं जातं, म्हणून फाइलीचे तुकडे करून पाहायला हवं.

मग 0.87 कुठून आलं? दुसऱ्या कोडरची फाइल पाहिली, तर ती पहिलीचीच नक्कल निघाली. शेऱ्यांच्या रकान्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच होत्या. फक्त दर दहाव्या ओळीचा कोड बदललेला होता. म्हणजे सहमती 90 टक्के. कप्पामध्ये निव्वळ योगायोगाने होणारी सहमती वजा करतात. तक्त्यातल्या प्रत्येक टक्केवारीला तिनेच गुणून बेरीज केली तर ती साधारण 0.20 येते.

```
(0.90 - 0.20) / (1 - 0.20) = 0.875
```

आकडेमोड खरी होती, दुसरा कोडर खोटा होता. खऱ्या दोन माणसांचे मतभेद असे ठरावीक अंतराने येत नाहीत. ते अवघड उत्तरांभोवती गोळा होतात.

आम्ही एजन्सीच्या व्यवस्थापकांना हे दाखवलं. 'मॅडम, ओपन प्रश्नात थोडं इकडेतिकडे होतंच,' एवढंच उत्तर मिळालं. मतभेद होतात, हे खरंच आहे. पण मतभेद व्हायला आधी दोघांनी उत्तर वाचावं लागतं.

शेवटी सगळी उत्तरं आमच्यातल्याच दोघींनी पुन्हा कोड केली. प्रत्येक गावातून थोडी थोडी अशी दोनेकशे उत्तरं आधी नुसती वाचली आणि त्यांवरून कोडफ्रेम, म्हणजे कोडांची यादी, केली. प्रत्येक कोडला एका ओळीची व्याख्या आणि दोन खरी उदाहरणं जोडली. तिथेच एजन्सीच्या तक्त्यात कुठेही नसलेली गोष्ट वर आली: नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणारे शेजारी. 'वरच्या आळीला टुल्लू चालू झाला की आमचा नळ नुसता फुसफुसतो,' अशी उत्तरं गावोगाव होती. हे 'कमी दाबा'त टाकलं की दोष टाकीचा किंवा पाइपाचा वाटतो आणि ग्रामपंचायत नवी लाइन मागते. वेगळं मोजलं की मोटरींवर बोलावं लागतं.

या कोडवर आमच्यातही सुरुवातीला वाद झाले. अशा क्वचित येणाऱ्या कोडला एकूण सहमतीचा आकडा फसवतो. समजा 100 उत्तरांत दोघींनीही तो कोड पाच-पाच वेळा दिला, पण जुळला एकाच उत्तरावर. तरी सहमती 92 टक्के दिसते, आणि कप्पा मात्र 0.16 येतो. म्हणून कप्पा प्रत्येक कोडचा वेगळा काढला, 'शेजारी, आळी किंवा मोटर यांचा उल्लेख असेल तरच' अशी व्याख्या घट्ट केली आणि ती उत्तरं दोघींनी पुन्हा स्वतंत्रपणे कोड केली.

एजन्सीने पैसे परत केले नाहीत. शेवटचा हप्ता द्यायचा बाकी होता, तो आम्ही लेखी कारण देऊन रोखला. आता करारात तीन गोष्टी लिहून घेतो. दोन्ही कोडरांच्या फाइली वाद मिटवण्यापूर्वीच्या, जशाच्या तशा मिळाल्या पाहिजेत. कोडफ्रेम पूर्ण कोडिंग सुरू होण्याआधी आम्हाला दाखवायची. आणि कुठल्याही पन्नास ओळी आम्ही निवडू, त्या आमच्यासमोर बसून पुन्हा कोड करायच्या. ही तिसरी अट वाचून एका एजन्सीने काम नाकारलं. दुसरीने लगेच होकार दिला आणि कोडरांनाच आमच्याकडे पाठवलं.