वर्षभराच्या प्रश्नांतून उभा केलेला पोस्टचा साठा: नऊ महिने वापरल्यानंतर

आमच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या कामात पेचकस काकांच्या हातात असतो आणि फोन माझ्या. "खाली दोऱ्याचा गुंता होतोय, काय करू?" याचं उत्तर मी एका वर्षात इतक्या वेळा टाइप केलं की शेवटी ते बोटांनाच पाठ झालं. तेच उत्तर एकदा नीट लिहावं, फोटो काढून ठेवावा आणि आलटून पालटून टाकत राहावं, एवढ्याच विचाराने हा साठा सुरू केला. आज त्यात 41 पोस्ट आहेत. त्यातल्या निदान सहा मी पुन्हा लिहिल्या आहेत, आणि एक तर चक्क चुकीची होती. तिची गोष्ट पुढे येईलच.

प्रश्न तीन ठिकाणी पडलेले होते: व्हॉट्सॲपवर, फोनशेजारच्या वहीत आणि जॉब कार्डवर. व्हॉट्सॲपचं सोपं आहे. चॅट उघडून `Export chat` निवडायचं, फोटो नको म्हणून `Without media`, की साधी मजकुराची फाइल हातात येते. आधी त्यातली नावं आणि नंबर काढून टाकले, मग फक्त प्रश्नांच्या ओळी एका शीटमध्ये उचलल्या. एकाच ग्राहकाने तोच प्रश्न चारदा विचारला असेल तर तो एकदाच धरला. नाहीतर जो जास्त मेसेज करतो त्याचंच मशीन आपल्या यादीत पहिलं येतं.

शीटमध्ये मी हौसेने नऊ रकाने केले होते. आज वापरात राहिलेत ते तीन: ग्राहकाचे शब्द, मशीनचा प्रकार, आणि जॉब कार्डवर काकांनी लिहिलेलं खरं कारण. पहिला आणि तिसरा रकाना शेजारी शेजारी ठेवला तेव्हा सगळं काम उजेडात आलं. ग्राहक लिहितो "मोटर गेली, सुई हलतच नाही". कार्डावर काकांनी लिहिलेलं असतं "चाकाची चकती सैल". बऱ्याच जुन्या मशीनवर बॉबिन भरताना हातचाकाच्या मधली चकती सैल करतात, म्हणजे चाक फिरतं पण सुई थांबते. बॉबिन भरून झाली आणि चकती आवळायची राहिली, की मोटर गेल्यासारखंच वाटतं. नव्या मशीनमध्ये तोच घोळ बॉबिन भरायची दांडी एका बाजूला सरकलेली राहिल्याने होतो. पोस्टचं शीर्षक ग्राहकाच्या शब्दांत, उत्तर कार्डावरचं. "चकती आवळा" असं शीर्षक दिलं तर ते वाचणार कोण? ज्याला चकती सैल आहे हे कळलंय, त्याला पोस्टची गरजच नाही.

सुरुवातीला मी नेमकं उलट केलं होतं. सगळे प्रश्न आपल्या भाषेत लावून "टेन्शन", "टायमिंग", "फीड" असे गठ्ठे बांधले. टेन्शनचा गठ्ठा एवढा फुगला की त्यावर एक लांबलचक पोस्ट लिहिली, आणि ती कोणी शेवटपर्यंत वाचली नसणार. मी स्वतः पुन्हा वाचायला घेतली तर मध्येच कंटाळले.

गुंत्याचं उदाहरण सविस्तर सांगते, कारण पद्धत मला तिथेच कळली. "कापडाच्या खाली गुंता" या एका तक्रारीखाली कार्डावर दोन वेगळी कारणं निघाली. ग्राहकाला मात्र दोन्ही वेळा वाटतं की बॉबिन बिघडली, कारण गुंता खाली दिसतो. म्हणून पहिल्या पोस्टमध्ये फक्त ओळखायची युक्ती दिली: वर एका रंगाचा दोरा लावा, बॉबिनमध्ये दुसऱ्या, आणि टाकाऊ कापडावर शिवून बघा. खालच्या गुंत्यात वरच्या दोऱ्याचा रंग दिसला, तर दोष वरच्या बाजूला शोधायचा. आम्ही वर लाल आणि खाली पांढरा दोरा घेऊन फोटो काढला. कापड उलटं केल्यावर लाल दोऱ्याचे सैल फास असे काही पसरलेले दिसतात की खाली एक ओळही लिहावी लागली नाही.

दुसरी पोस्ट सगळ्यात जास्त आढळलेल्या कारणाची. वरचा दोरा ओवताना मशीनचा कापड दाबणारा पाय खाली होता. पाय खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये न बसता बाहेरच राहतो, आणि मग वरच्या दोऱ्याला अटकावच उरत नाही. उपाय म्हणजे पाय वर करून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवायचा. खात्री करायची तर पाय वर असताना सुईजवळून दोरा ओढा, तो सरसर यायला हवा. पाय खाली करून ओढा, आता हाताला ताण लागायला हवा. दोन्ही वेळा सरसर आला तर दोरा चकत्यांत बसलेलाच नाही, किंवा चकत्यांच्या मध्ये कचरा अडकलाय.

तिसरी पोस्ट फक्त शिवणीच्या सुरुवातीला होणाऱ्या गुंत्याची. पहिल्या दोन-तीन टाक्यांना गुंता आणि पुढे सगळं ठीक, असं असेल तर टेन्शनला हातही लावू नका. दोन्ही दोऱ्यांची टोकं पायाखालून मागे घ्या आणि सुरुवातीचे टाके पडेपर्यंत बोटाने धरून ठेवा. ही पोस्ट वेगळी काढली नसती तर लोकांनी गुंता वाचून टेन्शनचा स्क्रू पिळला असता आणि चांगलं चालणारं मशीन बिघडवून ठेवलं असतं. आधीच्या लांब पोस्टनंतर दोघांनी तेच केलं होतं.

म्हणजे एक तक्रार, तीन पोस्ट. आता नियमच केलाय: कार्डावर जितकी कारणं तितक्या पोस्ट, आणि कारण कसं ओळखायचं याची एक वेगळी.

कायम टिकणारं काय, याची चाळणी सोपी निघाली. हेच उत्तर तीन वर्षांनी न बदलता देता येईल का? दुरुस्तीचे दर, किती दिवस लागतील, अमुक पार्ट मिळेल का, हे सगळं त्यात गळालं. डिजिटल मशीनवर येणारे एरर कोडही गळाले, कारण ते कंपनीगणिक वेगळे. तेलाचा प्रश्न राहिला: मशीनला खाद्यतेल घालू नका, ते वाळून चिकट होतं आणि मशीन जड चालायला लागतं. त्या उत्तराला कधी मुदत संपेल असं वाटत नाही.

आता चुकीच्या पोस्टची गोष्ट. "सुई बदलल्यावर टाकाच पडत नाही" हा आमच्याकडे नेहमीचा प्रश्न. मी लिहिलं, सुईची चपटी बाजू मागे करून, सुई वर टेकेपर्यंत सारा आणि स्क्रू आवळा. पोस्ट छान चालली. दोन महिन्यांनी एक बाई जुनं काळं मशीन घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमचं वाचूनच सुई लावली, तेव्हापासून एक टाका पडेल तर शपथ." काकांनी सुई सोडवली, आडवी फिरवून लावली आणि मशीन शिवायला लागलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "अगं, सगळ्या मशीनना दोरा समोरूनच ओवतात का?"

खरंच की. चपटी बाजू मागे हे फक्त समोरून दोरा ओवायच्या मशीनला लागू. जुन्या बऱ्याच मशीनमध्ये दोरा बाजूने ओवतात, तिथे चपटी बाजूही बाजूला येते. सगळीकडे चालणारा नियम सुईवरच कोरलेला असतो. घरगुती सुईच्या चपट्या भागाच्या विरुद्ध अंगाला दांड्याखालून भोकापर्यंत लांब खाच असते, नखाला लागते. दोरा ज्या बाजूने भोकात शिरतो, त्या बाजूला ही खाच यायला हवी. चपट्या अंगाला भोकाच्या जरा वर एक खोलगट भाग असतो, तो शटलकडे येतो. शटलचं टोक तिथूनच दोऱ्याचा फास उचलतं. सुई उलटी लागली की फास टोकाला सापडत नाही आणि टाका पडत नाही. कारखान्यातल्या मशीनच्या गोल दांड्याच्या सुईला चपटी बाजूच नसते, तिथेही खाचेचा नियम तसाच चालतो.

पोस्ट त्याच दिवशी बदलली. पण जुनी ज्यांनी सेव्ह केली असेल त्यांच्याकडे अजून तीच असणार, याची हळहळ आहे. साठ्याचा हाच खरा धोका: मेसेजमधली चूक एका माणसाला नडते, पोस्टमधली दर फेरीला नवा माणूस गाठते. तेव्हापासून प्रत्येक पोस्टवर "कोणत्या मशीनला लागू" ही ओळ पहिली असते, आणि काकांनी वाचल्याशिवाय काही जात नाही. ते वाचायला फार वेळ लावतात, हा भाग वेगळा.

वापराचं म्हणाल तर आठवड्याला दोन पोस्ट जातात, म्हणजे तीच पोस्ट परत यायला जवळपास पाच महिने लागतात. तोवर कोणाला आठवत नाही, आणि आठवलं तरी तक्रार आलेली नाही. व्हॉट्सॲप स्टेटस 24 तासांत जातो, त्यामुळे तिथे पुन्हा टाकायला संकोचच नको. पण मला जास्त उपयोग झाला तो उत्तर देताना. कोणी विचारलं की साठ्यातली पोस्ट पाठवते, वर एक ओळ त्यांच्या मशीनबद्दल लिहिते.

प्रश्न कमी झाले का? गुंत्याचे झाले. टाके सुटण्याचे झाले नाहीत, कारण तिथे सुई बोथट आहे की कापडाला चुकीची आहे की शटलचं टायमिंग हललंय, हे घरी ओळखणं अवघड. आमची त्यावरची पोस्ट फक्त "आधी नवी सुई लावून बघा, ताणणारं कापड असेल तर बॉलपॉइंट सुई" इथे थांबते. टायमिंगवर एक पोस्ट होती, ती काढून टाकली. एकाने सुईदांड्याचा स्क्रू सैल केला आणि दांडा खाली सरकवून मशीन आमच्याकडे आणलं. मोटर आणि पायडलच्या वायरिंगवर तर सुरुवातीपासूनच काही नाही. वास आला किंवा पायडल तापलं तर प्लग काढा आणि घेऊन या, एवढंच.

ओव्हरलॉकचे प्रश्न अजून शीटमध्ये तसेच पडून आहेत. चार दोऱ्यांचे मार्ग शब्दांत सांगता येत नाहीत, प्रत्येक मार्ग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने ओवून फोटो काढावे लागतील. दोरे आणलेत. काकांचं मशीन रिकामं सापडत नाहीये.