२७ फेब्रुवारीची पोस्ट: चार मसुदे समोर आहेत, कोणता निवडायचा?

नाशिक जिल्ह्यातल्या दहा-बारा शाखांच्या एखाद्या नागरी सहकारी बँकेचं उदाहरण घेऊ. मराठी भाषा गौरव दिन दोन-तीन दिवसांवर आला आहे, डिझायनरने चित्र तयार ठेवलं आहे आणि त्याखाली टाकायच्या मजकुराचे चार मसुदे टेबलावर आहेत. चारही मसुदे मराठीत आहेत, चारही शुभेच्छाच देतात. पण वाचणारा दोन ओळींत ओळखतो, की ही शुभेच्छा आहे की जाहिरात. तो कशावरून ओळखतो, तेवढ्यापुरती ही तुलना.

पहिला मसुदा गौरवाचा: ‘अमृताशी पैजा जिंकणाऱ्या मायमराठीला मानाचा मुजरा! समस्त मराठी बांधवांना मराठी भाषा गौरव दिनाच्या हार्दिक शुभेच्छा.’

यात खोटं काहीच नाही. अडचण अशी, की खालचं नाव बदलून सिमेंट कंपनीचं, दवाखान्याचं किंवा नगरसेवकाचं टाकलं तरी मजकूर तसाच चालतो. त्या सकाळी वाचकाला अशा वीस पोस्ट दिसतात, त्यातली ही एकविसावी. शिवाय ‘बांधव’ म्हटलं की खातेदार बायका बाहेर राहतात, आणि वीस वर्षं नाशकात दुकान चालवून मराठी शिकलेला खातेदारही. त्या जागी ‘मराठी बोलणाऱ्या सर्वांना’ असं साधं लिहिलं की काम होतं.

या प्रकारात कवितेची ओळ घालायचा मोह हमखास होतो. कुसुमाग्रजांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२चा, म्हणूनच हा दिवस ठरला. पण त्यांचं निधन १९९९ साली झालं आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. बँकेच्या नावाखाली त्यांची ओळ छापायची तर परवानगी घ्यावी लागते, आणि ती दोन दिवसांत मिळत नाही. ज्ञानेश्वरीला ही अट नाही, पण तिथे दुसरी चूक होते: ‘पैजा जिंके’ची ओवी फॉरवर्ड झालेल्या मेसेजमधून उचलली जाते आणि तिच्यात हमखास शब्द बदललेले असतात. घ्यायचीच असेल तर छापील प्रत उघडून सहाव्या अध्यायातून अक्षर अक्षर जुळवून घ्यावी.

दुसरा मसुदा विक्रीचा: ‘मराठी माणसाचा विश्वास, हाच आमचा ध्यास! या भाषा दिनी स्वप्नातलं घर साकारा. गृहकर्ज आता आकर्षक व्याजदरात. अटी लागू.’

हा मसुदा सर्वात आधी बाजूला ठेवावा, आणि कारण वरिष्ठांना नीट सांगावं, कारण तो बहुतेक वेळा वरूनच आलेला असतो. ‘अटी लागू’ हे दोन शब्द आले की वाचक शुभेच्छा वाचायचं सोडून अटी शोधू लागतो. ‘आकर्षक’ म्हणजे किती, हा प्रश्न पहिल्याच कमेंटमध्ये येतो. शाखेने आकडा सांगितला की दुसरा कुणीतरी शेजारच्या बँकेचा आकडा टाकतो, आणि भाषेच्या दिवशी बँकेच्या पानावर व्याजदराची घासाघीस सुरू होते. कर्जाची माहिती द्यायला हरकत काहीच नाही, फक्त ती त्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी, दर स्पष्ट लिहून, स्वतंत्र पोस्टमध्ये द्यावी. त्या पोस्टलाही मग नीट वाचक मिळतो.

तिसरा मसुदा शब्दाचा. तो असा: ‘ठेव हा शब्द ठेवणे यातून आला, ज्याच्याकडे ठेवली, त्याने सांभाळायची. तारण या शब्दात तारणे आहे. आणि हप्ता फारसीतून आला. मूळ अर्थ सात दिवसांचा आठवडा. पासबुकातली मराठी अशी जुनी आणि गोड आहे. मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छा.’

इथे पहिल्यांदा असं काही येतं, जे बँकच लिहू शकते. ठेव, मुद्दल, तारण, हप्ता, वारसदार हे शब्द तिच्या काउंटरवर रोज बोलले जातात. मिठाईच्या दुकानाला हा मजकूर शोभणार नाही, आणि म्हणूनच तो खरा वाटतो. यात एकच दुरुस्ती करावी: ‘जुनी आणि गोड’ काढून टाकावं. शब्दांनी ते दाखवलेलं आहेच.

धोका व्युत्पत्तीचा आहे. कोणत्याही शब्दाला संस्कृत मूळ चिकटवणारे मेसेज भरपूर फिरतात आणि बँकेने असलं एक जरी छापलं तर जाणकार वाचक सगळ्यांसमोर दुरुस्त करतो. तीनच शब्द घ्यावेत आणि प्रत्येक शब्द व्युत्पत्तिकोशात किंवा मराठीच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्यावा. एका शब्दाची खात्री नसेल तर दोनच ठेवावेत, मजकुराचं काही बिघडत नाही.

चौथा मसुदा कामाचा, आणि आमचं मत याच्या बाजूने आहे:

‘चेक मराठीत लिहिलात तरी चालतो.
₹५,४७९ म्हणजे पाच हजार चारशे एकोणऐंशी रुपये फक्त.
एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी लिहिताना अडायला होतं, म्हणून १ ते १००चा अक्षरी तक्ता प्रत्येक शाखेत काउंटरवर ठेवला आहे.
मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छा.’

चेक हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागातल्या प्रादेशिक भाषेत लिहिता येतो, हा रिझर्व्ह बँकेचा जुना नियम आहे. बहुतेक खातेदारांना तो माहीतच नसतो, कारण कुणी सांगत नाही. म्हणजे ही पोस्ट वाचणाऱ्याला एक हक्क कळतो आणि तो दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन वापरता येतो. रचना मुद्दाम उलटी आहे, शुभेच्छा शेवटी. फोनवर ‘अधिक’ दाबण्याआधी दोनेक ओळीच दिसतात. तिथे ‘हार्दिक शुभेच्छा’ आली तर बोट पुढे सरकतं, आणि चेकची ओळ आली तर थांबतं.

तक्त्याला खर्च म्हणाल तर प्रत्येक काउंटरमागे एक ए-फोर कागद आणि लॅमिनेशन. पण तो २७ तारखेला सकाळी खरोखर जागेवर हवा. या मसुद्यात बिघडतं ते इथेच: पोस्ट मुख्य कार्यालयातून जाते आणि नव्या रोखपालाला त्यातलं काहीच माहीत नसतं. खातेदार मराठीत चेक घेऊन येतो, रोखपाल म्हणतो ‘इंग्लिशमध्ये लिहून आणा’, आणि तो चेक फोटोसकट त्याच पोस्टखाली परत येतो. म्हणून आधी शाखांना चार ओळींचं परिपत्रक जावं, त्यात नियम लिहिलेला असावा, आणि २६ तारखेला प्रत्येक शाखेत फोन करून ‘मराठीतला चेक आला तर काय कराल?’ एवढंच विचारावं. दोन शाखांनी जरी गोंधळलेलं उत्तर दिलं, तर या वर्षी तिसरा मसुदा वापरावा आणि चौथा पुढच्या वर्षासाठी ठेवावा. काउंटर तयार नसताना चौथा टाकणं हे पहिल्या मसुद्यापेक्षा वाईट.

खातेदारासाठी सोबत एक सूचना हवी. चेकवर खाडाखोड चालत नाही, तारीख सोडून काहीही बदललं तर क्लिअरिंगमध्ये तो परत येऊ शकतो. म्हणून अक्षरी रक्कम आधी कोऱ्या कागदावर लिहून पाहावी, तक्त्याशी ताडावी आणि मगच चेकवर उतरवावी. ही सूचना पहिल्या कमेंटमध्ये टाकली की मूळ मजकूर लांबत नाही.

कोणताही मसुदा निवडला तरी शुद्धलेखन तपासणं सुटत नाही. सर्वात बोचणारी चूक ‘दीन’ची: ‘भाषा गौरव दीन’ लिहिलं की दिवसाऐवजी गरीब असा अर्थ होतो, आणि चित्रात गेलेली चूक नंतर खोडता येत नाही. ‘हार्दीक’ नाही, ‘हार्दिक’. ‘शुभकामना’ हिंदीतून येतात, आपल्याकडे शुभेच्छा. नावही नीट हवं. २०१३च्या शासन निर्णयानुसार २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन आहे. ‘राजभाषा दिन’ १ मेला पाळतात आणि २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. डिझायनर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करत असेल तर तयार चित्र फोनवर उघडून ‘ऱ्या’, ‘र्दि’ आणि ‘ॲ’ ही अक्षरं डोळ्यांनी तपासावीत, मोडतात ती हीच.

एसएमएसचा हिशेब वेगळा आहे. देवनागरीत एका एसएमएसला ७०च अक्षरं मिळतात, आणि काना, मात्रा, हलन्त, मोकळी जागा सगळं त्यात मोजलं जातं. ‘मराठी भाषा गौरव दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यातच ४१ संपतात. चेकची ओळ पुढे जोडली की मजकूर दोन एसएमएसमध्ये तुटतो आणि खर्च दुप्पट होतो. म्हणून तिथे असं लिहावं: ‘मराठी भाषा गौरव दिन: चेक मराठीत लिहिलात तरी चालतो.’ हे ५० अक्षरांत बसतं. बँकेचं नाव पाठवणाऱ्याच्या जागी दिसतंच. मात्र एसएमएसचा नमुना आधी डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएससाठीच्या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत, नोंदवून मंजूर झालेला लागतो आणि पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळावा लागतो, तेव्हा ही ओळ आठवडाभर आधीच पक्की करावी.

आणि एक कमेंट नक्की येणार: ‘मग तुमचं ॲप मराठीत का नाही?’ तिचं उत्तर पोस्ट टाकण्याआधीच लिहून ठेवावं. ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत’ हे उत्तर नव्हे. खातेदार वयाने मोठे असतील तर ‘काका’, ‘ताई’ अशी उसनी जवळीकही नको, ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ पुरे. जे आहे आणि जे नाही, ते सांगावं: ‘ॲप अजून मराठीत नाही, हे खरं आहे. पासबुक, भरणा पावती आणि खातं उघडण्याचा अर्ज मराठीत आहे. अर्जातला एखादा शब्द अवघड वाटला तर कोणता, ते इथे लिहा, पुढच्या छपाईत बदलू.’ आणि कुणी शब्द लिहिलाच, तर तो टिपून छपाईच्या फाइलला जोडायचं काम कुणाचं, तेही २६ तारखेलाच नावानिशी ठरवून ठेवावं.